विम्याचा हप्ता, दवाखान्याचे बिल आणि प्राप्तिकर

जानेवारी उजाडला की कार्यालयांमधून गुंतवणुकीचे पुरावे मागवले जातात आणि त्याच सुमारास आयुर्विम्याच्या पॉलिसींची विक्री वाढते. ‘कर वाचवायचा आहे ना, मग ही घेऊन टाका’ असे सांगणारा माणूस बहुधा ओळखीतला असतो. त्यामुळे सही होते, पहिला हप्ता जातो आणि कर वाचल्याचे समाधानही मिळते. पण प्राप्तिकर कायद्यातल्या वजावटींच्या मर्यादा नीट वाचल्या, तर नोकरदार माणसाला अशा पॉलिसीने एक रुपयाही कर वाचत नाही असे बरेचदा आढळते, कारण बचतीच्या वजावटीची जागा त्याच्याही नकळत आधीच भरलेली असते. रिकामी राहते ती आजारपणाच्या खर्चाची बाजू. विशेषतः म्हाताऱ्या आईवडिलांच्या औषधपाण्याची, आणि तिकडे कोणी लक्ष देत नाही. बचतीची वजावट फारशी उपयोगाची राहिलेली नाही, वैद्यकीय वजावट मात्र आजही कामाची आहे आणि तिला करव्यवस्थेत जास्त जागा मिळायला हवी, असे माझे मत आहे. ते हिशेबाने तपासून पाहू.

आधी वजावट नेमकी कुठे बसते ते पाहू. पगार, घरभाडे, धंदा, भांडवली नफा आणि व्याजासारखे इतर उत्पन्न अशा पाच सदरांतली बेरीज झाली, तोटे वजा झाले, की जे उरते ते ढोबळ एकूण उत्पन्न. त्यातून कायद्याच्या सहा-अ प्रकरणातल्या वजावटी वजा केल्या की ‘एकूण उत्पन्न’ मिळते, आणि कर त्या आकड्यावर लागतो. म्हणजे वजावट करातून होत नाही, उत्पन्नातून होते. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याला दहा हजारांच्या वजावटीने दोन हजार रुपये आणि त्यावरचा चार टक्के उपकर एवढाच फायदा मिळतो. शिवाय शेअरच्या विक्रीतून मिळालेल्या ज्या भांडवली नफ्यावर विशेष दराने कर लागतो, त्यातून या वजावटी घेताच येत नाहीत. इथले सगळे हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६चे, म्हणजे १९६१च्या कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. ओळखीचे ८०सी त्यात १२३ झाले आहे, पण दीड लाखाची मर्यादा तीच आहे. लोकांच्या तोंडी जुनेच क्रमांक आहेत, म्हणून इथेही तेच वापरतो.

८०सी हे कलम आर्थिक वर्ष २००५-०६पासून आजच्या रूपात आले, तेव्हा त्याची मर्यादा एक लाख होती. २०१४मध्ये ती दीड लाख झाली आणि तिथेच थांबली. त्यानंतर पगार वाढले, शाळांच्या फिया वाढल्या, घरकर्जे वाढली, पण मर्यादा हलली नाही. या एकाच दीड लाखात पगारातून कापला जाणारा पीएफ, पीपीएफ, आयुर्विम्याचा हप्ता, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रे, पाच वर्षांची करबचत ठेव, ईएलएसएस म्युच्युअल फंड, सुकन्या समृद्धी, दोन मुलांची शिक्षण फी आणि घरकर्जाची मुद्दल असे सगळे कोंबलेले आहे. विमा कंपन्यांच्या पेन्शन योजनांतले आणि एनपीएसमधले स्वतःचे नियमित योगदानही याच मर्यादेत मोडते. एनपीएसमध्ये आणखी ५०,००० रुपये स्वतंत्रपणे वजा होतात, तेवढीच काय ती वेगळी जागा.

एक कल्पित पण रोज भेटणारा हिशेब घेऊ. नाशिकच्या एका कारखान्यात काम करणारा ४४ वर्षांचा माणूस, वर्षाचा पगार १६ लाख. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ८ लाख, त्याच्या १२ टक्क्यांनी त्याच्या वाट्याचा पीएफ ९६,००० रुपये. दोन मुलांच्या फीमधला शिकवणीचा भाग ७०,००० रुपये. विकास निधी, बस, वसतिगृह यांचे पैसे यात धरता येत नाहीत, म्हणून पावतीवर वेगळा दाखवलेला शिक्षण शुल्काचा आकडाच घ्यायचा. घरकर्जाच्या हप्त्यांमधली मुद्दल ९०,००० रुपये. या तिघांचीच बेरीज २,५६,००० होते. म्हणजे एकही पॉलिसी नसताना दीड लाखाची मर्यादा भरून वर एक लाख सहा हजार वाया गेले. आता याने फेब्रुवारीत ३०,००० रुपये हप्त्याची पॉलिसी घेतली, तर त्याचा कर शून्य रुपयांनी कमी होईल. पगारपत्रक आणि कर्जाचे व्याज-मुद्दलीचे प्रमाणपत्र शेजारी ठेवून पाच मिनिटांची बेरीज केली असती, तर हे आधीच कळले असते.

जागा शिल्लक असली तरी आयुर्विम्याच्या हप्त्याला आणखी एक आतली मर्यादा आहे, आणि ती विकताना क्वचितच सांगितली जाते. १ एप्रिल २०१२ नंतर घेतलेल्या पॉलिसीत हप्त्याची वजावट मूळ विमा रकमेच्या दहा टक्क्यांपर्यंतच मिळते. त्याआधीच्या पॉलिसींना ही मर्यादा वीस टक्के होती. समजा, वर्षाला ६०,००० रुपये हप्ता आहे आणि विमा रक्कम पाच लाख. तर वजावट ५०,००० रुपयांचीच. यापेक्षा मोठा फटका पुढे बसतो. हप्ता दहा टक्क्यांच्या वर गेला की मुदत संपल्यावर मिळणारी रक्कमही पूर्ण करमुक्त राहत नाही, तिच्यातल्या नफ्यावर कर भरावा लागतो. मृत्यूनंतर वारसांना मिळणारी रक्कम तेवढी करमुक्त असते. एकदाच मोठी रक्कम भरण्याच्या पॉलिसीत हे सर्वात जास्त घडते. दोन लाख एकरकमी भरून अडीच लाखांचे विमासंरक्षण घेणाऱ्याला पंचवीस हजारांची वजावट मिळते आणि शेवटी करही लागतो. दोन वर्षांचे हप्ते भरण्याआधी पॉलिसी बंद पडू दिली, तर आधी घेतलेली वजावट त्या वर्षाचे उत्पन्न म्हणून परत जमा धरली जाते. पॉलिसी कोणाच्या जीवनावर आहे हेही महत्त्वाचे असते. स्वतः, पती किंवा पत्नी आणि मुले यांच्या जीवनावरचा हप्ता चालतो, आईवडिलांच्या जीवनावरचा चालत नाही. पोटच्या मुलाने वडिलांच्या नावाने काढलेल्या पॉलिसीचा हप्ता कितीही श्रद्धेने भरला, तरी ८०सीमध्ये त्याला जागा नाही.

आईवडिलांसाठी जागा आहे ती ८०डीमध्ये. आरोग्यविम्याच्या, म्हणजे आपण ज्याला मेडिक्लेम म्हणतो त्याच्या हप्त्यासाठी हे कलम आहे, आणि त्यात दोन स्वतंत्र कप्पे आहेत. पहिला स्वतः, पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांचा. त्यात २५,००० रुपये, आणि विमा उतरवलेल्यांपैकी कोणी साठ वर्षांचे किंवा त्याहून मोठे असेल तर ५०,०००. दुसरा कप्पा आईवडिलांचा, त्यालाही हेच नियम. आईवडील आपल्यावर अवलंबून असलेच पाहिजेत अशी अट इथे नाही, त्यांना स्वतःचे निवृत्तिवेतन असले तरी चालते. मात्र सासूसासरे यात येत नाहीत. पत्नीला स्वतःचे उत्पन्न असेल आणि तिने आपल्या आईवडिलांसाठी पैसे भरले असतील, तर तिच्या विवरणपत्रात ती वजावट घेऊ शकते. दोन भावंडांनी मिळून हप्ता भरला असेल, तर ज्याने जेवढा भरला तेवढा त्याचा. एकाच रुपयावर दोघांनी हक्क सांगायचा नाही, एवढेच. अनेक वर्षांचा हप्ता एकदम भरला असेल, तर तो वर्षांनुसार वाटून धरायचा. तीन वर्षांचे ४५,००० भरले असतील तर दरवर्षी १५,०००.

या कलमातली सर्वात उपयोगाची आणि सर्वात दुर्लक्षित तरतूद मात्र हप्त्याची नाही. साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या नावाने त्या वर्षी आरोग्यविम्याचा हप्ता भरलेला नसेल, तर तिच्यावर झालेला वैद्यकीय खर्चच ५०,००० रुपयांपर्यंत वजा होतो. २०१८च्या अर्थसंकल्पाने ज्येष्ठांची मर्यादा तीस हजारांवरून पन्नास हजार केली, आणि त्याआधी फक्त ऐंशीच्या पुढच्यांना असलेली खर्चाची सोय साठीपासून सर्वांना दिली. महाराष्ट्रात अशी किती घरे असतील, जिथे वडील सत्तरीत आहेत, मधुमेह आणि रक्तदाब आहे, आणि विमा कंपनीने एक तर नकार दिला आहे किंवा न परवडणारा हप्ता सांगितला आहे! त्या घरांसाठीच ही तरतूद आहे. डॉक्टरांची फी, रक्ताच्या तपासण्या, महिन्याची औषधे, मोतीबिंदूचे ऑपरेशन, सगळे यात धरता येते. ‘वैद्यकीय खर्च’ याची व्याख्या कायद्याने केलेली नाही, त्यामुळे बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जुळणे हाच व्यवहारातला आधार. अट एकच, पण कडक आहे. पैसे रोखीने दिलेले नसावेत. हप्ताही रोखीने चालत नाही, खर्चही नाही. रोख चालते ती फक्त प्रतिबंधात्मक आरोग्यतपासणीला, आणि तिची पाच हजारांची मर्यादा वरच्या मर्यादेच्या आतच असते, वेगळी नाही. औषधाच्या दुकानात दरमहा दोन-तीन हजारांच्या नोटा मोजून देणाऱ्या माणसाची वजावट तिथेच बुडते. तेच पैसे यूपीआयने किंवा कार्डाने दिले आणि बिलावर आईचे किंवा वडिलांचे नाव घातले, तर ती टिकते.

गंभीर आजारांसाठी वेगळे कलम आहे, ८०डीडीबी. कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे, एड्स, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व आणणारे पार्किन्सन किंवा स्मृतिभ्रंशासारखे मज्जासंस्थेचे आजार यात येतात. रुग्ण स्वतः करदाता असू शकतो किंवा त्याच्यावर अवलंबून असलेली पत्नी, मुले, आईवडील, भाऊ, बहीण. इथे ‘अवलंबून’ ही अट आहे, आणि ८०डीपेक्षा वेगळी म्हणून लक्षात ठेवावी लागते. मर्यादा ४०,००० रुपये, रुग्ण साठीच्या पुढचा असेल तर एक लाख. त्या विषयातल्या तज्ज्ञ डॉक्टरची चिठ्ठी लागते. तिच्यावर रुग्णाचे नाव, वय आणि आजाराचे नाव असावे, तसेच डॉक्टरांचे नाव, पत्ता, पदवी आणि नोंदणी क्रमांक असावा. विम्यातून किंवा नोकरीच्या ठिकाणाहून परतावा मिळाला असेल, तर तो खर्चातून वजा करून मर्यादा लावायची, असे अनेकांना वाटते. कायदा तसे म्हणत नाही. तो आधी मर्यादा लावतो आणि मग वजावटीतून परतावा कमी करतो. सत्तरीतल्या वडिलांच्या डायलिसिसवर २,२०,००० खर्च झाले आणि विम्याने ६०,००० दिले, तर वजावट एक लाखाची मिळत नाही, ४०,००० रुपयांचीच मिळते.

आता नाशिकच्या त्या कुटुंबाकडे परत जाऊ. घरकर्जाचे व्याज दोन लाख आहे, आणि स्वतः राहत असलेल्या घराला तेवढेच मिळते. चौघांच्या मेडिक्लेमचा हप्ता २२,००० आणि नवराबायकोची तपासणी ४,०००, म्हणजे पहिल्या कप्प्यात २५,०००. आईवडील ६८ आणि ७२ वर्षांचे, विमा नाही. आईच्या औषधांवर आणि मोतीबिंदूवर ६४,००० रुपये बँकेतून गेले, त्यातले ५०,००० वजा होतील. वडील डायलिसिसवर, मुलावर अवलंबून, खर्च १,४०,०००, परतावा काही नाही, म्हणून ८०डीडीबीचे एक लाख. आईचा खर्च एका कलमात आणि वडिलांचा दुसऱ्यात असा वेगळा ठेवला, कारण एकच खर्च दोनदा दाखवता येत नाही. व्यवसाय कराचे अडीच हजार सोपेपणासाठी बाजूला ठेवतो, आणि उपकर शेवटी धरतो.

इथे सर्वात मोठा आक्षेप समोर येतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ८०सी, ८०डी, ८०डीडीबी या सगळ्या वजावटी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात. २०२३-२४पासून नवी प्रणाली हीच मूळ धरली जाते, आणि २०२५-२६मध्ये तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करच नाही. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. मग या सगळ्या हिशेबाला अर्थ काय? पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असलेल्याला काहीच नाही, हे मान्य करायला हवे. त्याने कर वाचवण्यासाठी पॉलिसी घेणे ही निव्वळ चूक ठरेल. त्याच्या वरचे आकडे मात्र बघण्यासारखे आहेत. सोळा लाखांवर नव्या प्रणालीत कर १,०८,७५० रुपये होतो. जुन्या प्रणालीत पन्नास हजार प्रमाणित वजावट, दोन लाख व्याज आणि ८०सीचे दीड लाख वजा केल्यावर उत्पन्न १२ लाख उरते आणि कर १,७२,५०० होतो. म्हणजे ८०सी पूर्ण भरूनही हा माणूस जवळपास चौसष्ट हजारांनी तोट्यात आहे. ८०डीचे ७५,००० धरले की कर १,५०,००० होतो, डीडीबीचे एक लाख धरले की १,२०,०००. अजूनही नवी प्रणाली ११,२५० रुपयांनी स्वस्त. एनपीएसमध्ये जास्तीचे ५०,००० घातले तर जुन्या प्रणालीचा कर १,०७,५०० होतो आणि उपकरासह जेमतेम १,३०० रुपये वाचतात. तेराशे रुपयांसाठी पन्नास हजार निवृत्तीपर्यंत अडकवणे शहाणपणाचे नाही. एनपीएस त्याला निवृत्तीसाठी हवेच असेल, तर गोष्ट वेगळी. पण याच घरात चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेले, त्याच्यावर अवलंबून असलेले मूल असेल, तर ८०डीडीखाली खर्च कितीही असो, ७५,००० ठरावीक मिळतात, आणि अपंगत्व ऐंशी टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. ही मोठी वजावट एनपीएसशिवायही कर ९२,५०० वर आणते आणि जुनी प्रणाली सरळ फायद्याची ठरते.

या हिशेबात जुन्या प्रणालीला नव्याच्या जवळ कोणी आणले ते पाहा. ८०सी जवळपास प्रत्येक पगारदाराकडे असते, म्हणून ती एकटी तराजू झुकवू शकत नाही. पावणेदोन लाखांच्या वैद्यकीय वजावटींनी मात्र एकट्यानेच कर ५२,५०० रुपयांनी खाली आणला. कुठली प्रणाली घ्यायची हा निर्णय आज घरातल्या आजारपणावर आणि घरभाड्यावर किंवा घरकर्जावर ठरतो, विमा एजंटाच्या पॉलिसीवर नाही.

यावर कोणी म्हणेल की नवी प्रणाली कमी दराने सगळ्यांनाच फायदा देते. मग आजारी माणसाला वेगळे कशाला? हा युक्तिवाद मला बचतीच्या बाबतीत पटतो. पैसे कुठे गुंतवायचे ते माणसाने स्वतः ठरवावे, सरकारने करसवलत दाखवून त्याला विशिष्ट योजनेत ढकलू नये. पण आजार ही निवड नाही. सोळा लाख कमावून डायलिसिसवर दीड लाख घालवणाऱ्याची कर भरण्याची ऐपत आणि तेवढेच कमावणाऱ्या निरोगी घराची ऐपत सारखी धरणे हा न्याय नाही. उत्पन्नावरचा कर ऐपतीवर असावा, हे तत्त्व मान्य असेल तर ८०डीडीबी आणि ज्येष्ठांच्या खर्चाची तरतूद नव्या प्रणालीतही यायला हवी. नोकरी देणाऱ्याने एनपीएसमध्ये भरलेली रक्कम नव्या प्रणालीत वजा होतेच, म्हणजे प्रणाली सोपी ठेवण्यासाठी एकही वजावट नको, हा मुद्दाही टिकत नाही. खोटी बिले जोडली जातील ही भीती खरी आहे. पण तिच्यावर उपायही कायद्यातच आहे. रोखीला मनाई, तज्ज्ञाची चिठ्ठी, आणि विवरणपत्रात आता मागितले जाणारे विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक, हे सगळे पडताळता येण्यासारखे आहे. साठीच्या आतल्या कर्करुग्णाला चाळीस हजारांची मर्यादा तर आज केमोथेरपीच्या खर्चापुढे नावापुरतीच उरली आहे, आणि ती वाढवली पाहिजे.

ते होईपर्यंत वाचकांना एवढेच सांगायचे आहे की, नवी पॉलिसी घेण्याआधी पीएफ, फी आणि मुद्दल यांची बेरीज करा. आईवडिलांच्या औषधांचे पैसे बँकेतून द्या आणि बिले त्यांच्या नावाने घ्या. दोन्ही प्रणालींत कर मोजून पाहा, आणि जुनी फायद्याची निघाली तर विवरणपत्र मुदतीत भरा, कारण मुदत उलटल्यावर जुनी प्रणाली निवडता येत नाही. धंदा-व्यवसायाचे उत्पन्न असेल, तर त्यासाठी मुदतीच्या आत १०-आयईए हा अर्जही भरावा लागतो.